पर्जन्यजल संकलनाचे चालते मॉडेल: आकृती, कृती आणि मिलिलिटरचा हिशेब

प्रश्न: मुलगी आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी रेन वॉटर हार्वेस्टिंगचे मॉडेल करायचे आहे. नावे दिलेली आकृती, कृती आणि ते कसे चालते याचे स्पष्टीकरण हवे. नुसते थर्माकोलचे घर नको, खरोखर पाणी वाहणारे हवे. आम्ही पुण्यात राहतो.

उत्तर:

सुरुवात छपराच्या मापापासून करा, कारण पुढची प्रत्येक बाटली, टाकी आणि बरणी त्यावर ठरते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. तुमच्या मॉडेलचे छप्पर वरून पाहिल्यावर ४० सेमी लांब आणि ३० सेमी रुंद ठेवा. ते ०.१२ चौरस मीटर होते, म्हणजे एक मिमी पाऊस म्हणजे १२० मिली पाणी. हा आकडा मुलीच्या डोक्यात पक्का असू द्या. परीक्षकांचे निम्मे प्रश्न इथूनच सुटतात.

"वरून पाहिल्यावर" हे मुद्दाम लिहिले आहे. छप्पर उतरते असल्यामुळे पत्रा ३३ सेमी रुंदीचा कापावा लागेल आणि एक कड दुसरीपेक्षा सुमारे १४ सेमी उंच बसवावी लागेल. तेव्हा जमिनीवर पडणारी त्याची सावली ३० सेमी भरते. पाऊस वरून येतो, म्हणून हिशेबात ३० धरायचे, ३३ नाही. खऱ्या कौलारू घरालाही हाच नियम लागतो.

या मॉडेलचा जीव आहे पहिला पाऊस बाजूला काढणारी बाटली. बहुतेक मॉडेलमध्ये छप्पर, पाइप, फिल्टर आणि टाकी असते, आणि ही बाटलीच नसते. प्रत्यक्षात पहिल्या सरीबरोबर छपरावरची धूळ, पारव्यांची घाण, सुकलेला पाला सगळे खाली येते. ते सरळ फिल्टरवर गेले तर वाळू लवकरच गाळाने बुजते. म्हणून पहिला एक-दोन मिमी पाऊस टाकीत घेतच नाहीत. आपण दोन मिमी धरू. १२० गुणिले २, म्हणजे २४० मिली. २५० मिलीची बाटली बसवली की काम झाले.

आकृती

```
  '  '  '  '  '  '  '  '  '
    __________________
   /                  \
  /        (१)         \
 /______________________\
 |=========(२)==========|--(३)------(५)--+
 |                      |   |            |
 |                      |  / \         |   |
 |                      | | o |        |   |
 |                      | |(४)|        |(६)|
 |                      | |___|        |___|
 |                      |   |            |
 |                      |  (९)         |     |--(८)-+
 |                      |   :          | (७) |      |
 |                      |   :          |_____|    |    |
 |______________________| [कप]         [स्टँड]    |(१०)|
 =========================================================
```

१. उतरते छप्पर, ४० × ३० सेमी
२. पन्हळ, शेवटाला जाळी
३. टी जोड
४. पहिल्या पावसाची बाटली, २५० मिली, आत तरंगता चेंडू (o)
५. फिल्टरकडे जाणारा पाइप
६. वाळू-खडीचा फिल्टर
७. साठवण टाकी
८. जादा पाण्याचा मार्ग
९. निचरा नळी
१०. पुनर्भरण बरणी, आत बोअरची नळी

चार्टवर हीच आकृती काढताना मळके पाणी तपकिरी आणि गाळलेले पाणी निळ्या बाणांनी दाखवा. नावांच्या रेषा पट्टीने, सगळ्या एकाच बाजूला आणि एकमेकींना न छेदता काढा. प्रत्येक नावाखाली त्या भागाचे माप लिहिले की ती आकृती नुसते चित्र राहत नाही.

साहित्य

९० × ४५ सेमीची प्लायवूडची फळी. घरासाठी सनबोर्ड, पुठ्ठा घेऊ नका, पहिल्याच सरावात तो पाणी पिऊन मऊ पडतो. छपरासाठी प्लास्टिकचा पन्हळी पत्रा. पन्हळीसाठी ४० मिमीचा पीव्हीसी पाइप उभा चिरून अर्धा. एक इंची टी आणि फूटभर पाइप. शीतपेयाच्या ३०० मिलीच्या एकसारख्या दोन बाटल्या, पाण्याची एक लिटरची एक बाटली, ८ × ८ × १२ सेमीच्या आसपासचा पारदर्शक डबा आणि १५ सेमी उंच, १० सेमी रुंद काचेची बरणी. ३० मिमीचा थर्माकोलचा गोळा. मेडिकलच्या दुकानातून सुई नसलेला सलाइनचा सेट. एम-सील, सिलिकॉन, टेफ्लॉन टेप, नायलॉनची मच्छरजाळी.

टी घ्यायला जाताना शीतपेयाची बाटली बरोबर न्या. बाटलीचे तोंड टीच्या खालच्या भोकात टेफ्लॉन गुंडाळून घट्ट बसले पाहिजे. सीपीव्हीसीची आणि साध्या पीव्हीसीची एक इंची टी आतून वेगवेगळ्या मापाची असते, त्यामुळे दुकानातच बसवून बघा.

वाळूचा प्रश्न पुण्यात हमखास येतो. आता बांधकामावर नदीची वाळू क्वचितच दिसते, मिळते ती क्रश सँड, म्हणजे काळा दगड फोडून केलेली. तिच्यात दगडाची पीठासारखी भुकटी भरपूर असते. ती न काढता वापरली तर फिल्टरमधून राखाडी पाणी येते आणि गाळलेले पाणी न गाळलेल्यापेक्षा मळके दिसते. वाळू आधी चहाच्या गाळणीतून चाळा आणि वर उरलेला भरड भाग बाजूला ठेवा. खाली पडलेली मैद्याच्या चाळणीतून चाळा आणि या वेळी खाली पडलेली टाकून द्या. मधली जी राहील ती बादलीत धुवा. हात फिरवून वरचे पाणी नितळ दिसेपर्यंत, साधारण सात-आठ वेळा.

कृती

उंचीचा आराखडा आधी कागदावर मांडा. पाणी उताराने जाणार, पंप नाही, म्हणून प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा खाली हवा. पन्हळ फळीपासून ५८ सेमीवर, टी ५२ वर, फिल्टरची वरची कड ४९ वर, फिल्टरचे तोंड २४ वर, टाकीची वरची कड २२ वर, जादा पाण्याचे भोक १८ वर आणि पुनर्भरण बरणीची कड १५ वर. त्यासाठी टाकी १० सेमीच्या स्टँडवर ठेवावी लागते. घर उंच होते, म्हणून समोरून त्याला दुमजली इमारत रंगवा.

पन्हळ ४० सेमी लांबीत टीच्या बाजूला १ सेमी उतरती बसवा. पत्र्याची कड पन्हळीच्या मध्यावर आली पाहिजे. मागे राहिली तर पाणी भिंतीवरून ओघळते. पन्हळीचे दुसरे टोक एम-सीलने बंद करा, टीकडच्या टोकाला जाळी लावा.

आता पहिल्या पावसाची बाटली. थर्माकोलचा गोळा तोंडातून आत जात नाही, आणि म्हणूनच तो आतून तोंड बंद करू शकतो. बाटलीचा तळ कापा, गोळा आत टाका आणि दुसऱ्या बाटलीचा चार सेमीचा तळ टोपीसारखा वरून चढवा. जोडावर सिलिकॉन लावून पूर्ण २४ तास हात लावू नका. ग्लू गनचा मोह टाळा. गरम गोंदाने पातळ बाटली सुरकुतते आणि ओली झाली की तो साल निघावी तसा सुटतो. तळाला भोक पाडून सलाइन सेटचा टोकदार भाग आत घाला, भोवती एम-सील दाबा. चाकाचा चिमटा बंद करून मापाच्या कपाने पाणी भरून बघा. २४० ते २६० मिलीत बाटली भरली पाहिजे. मग ती उभी, तोंड वर ठेवून, टीच्या खालच्या भोकात बसवा आणि टीला घराच्या भिंतीचा आधार द्या. भरलेल्या बाटलीचे वजन नुसत्या जोडावर टाकू नका.

टी बसवताना फिल्टरकडचे टोक चार-पाच मिमी वर असू द्या. टी अगदी सपाट असली तर जोराने आलेले पाणी खालच्या भोकावरून उडी मारून सरळ फिल्टरमध्ये जाते आणि बाटली रिकामीच राहते. टोक थोडे वर असले की पाण्याला आधी खाली उतरावेच लागते.

फिल्टरसाठी लिटरच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी धरा. तोंडाला जाळीचे दोन पदर रबराने बांधा. खालून वर असे भरा: चार सेमी मोठी खडी, साधारण सुपारीएवढी, तिच्यावर चार सेमी बारीक खडी, हरभऱ्याएवढी, मग जाळीची एक चकती, मग सहा सेमी वाळू, आणि अगदी वर खडीचा एकच थर. वरचा थर पाण्याची धार झेलतो, तो नसेल तर धारेखाली वाळूत खड्डा पडतो आणि पाणी त्या एकाच वाटेने न गाळता निघून जाते. वाळूच्या वर पाच-सहा सेमी जागा मोकळी राहिलीच पाहिजे. पाणी गाळले जाईपर्यंत तिथे थांबते. कोळसा घालायचाच असे नाही. घातलात तर तुकडे घ्या आणि धुऊन वाळूच्या खाली ठेवा, कारण वर ठेवले तर ते तरंगतात.

टाकीचा डबा ८ × ८ सेमीचा असेल तर ५०० मिली पाणी साधारण ८ सेमी उंचीवर येते. तिथे रेघ मारा आणि त्याच रेषेवर जादा पाण्याचे भोक पाडा. दोन्ही तोंडांवर मच्छरजाळी हवी. पाणी साठवायचे पण डासाला आत शिरू द्यायचे नाही, हे खऱ्या टाकीत जितके आवश्यक तितकेच इथे दाखवण्यासारखे आहे.

पुनर्भरण बरणीत पुण्याची जमीन दाखवा. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, बेसाल्ट. सलग दगडात पाणी जवळजवळ मुरत नाही. ते साठते वरच्या कुजलेल्या थरात, म्हणजे मुरमात, आणि दगडाच्या भेगांमध्ये. म्हणून बरणीत खाली काळ्या दगडाची खडी, वर मुरूम, एकूण दहा सेमी. काचेला चिकटून एक पारदर्शक नळी उभी करा, तिच्या खालच्या तीन सेमीत सुईने भोके पाडा. ही बोअर. जादा पाणी बरणीत गेले की या नळीतली पातळी चढताना दिसते.

चालते कसे

छपरावर चमचाभर कोरडी माती आणि चुरलेला पाला भुरभुरवा. झाकणाला भोके पाडलेल्या बाटलीने एक लिटर पाणी छपरावर सगळीकडे फिरवत, तीन-चार मिनिटांत ओता. एक लिटर भागिले १२०, म्हणजे सुमारे ८ मिमी पाऊस.

यातले ५० मिलीच्या आसपास छप्पर भिजवण्यात आणि शिंतोड्यांत जाते. पहिले २५० मिली माती घेऊन बाटलीत उतरते, तपकिरी दिसते. पाण्याबरोबर गोळा वर चढतो आणि भरताच आतून तोंड बंद करतो, त्यामुळे आतला गाळ पुन्हा वर येत नाही. त्या क्षणी मुलीने बोट दाखवून सांगावे, "आता बघा, पाणी वळलं." उरलेले ७०० मिली टी ओलांडून फिल्टरवर जाते. ५०० मिलीला टाकी रेषेपर्यंत भरते आणि शेवटचे २०० मिली बरणीत जाते. बरणीत खडी-मुरमामधली पोकळी साधारण ४० टक्के धरली तर नळीत पातळी सहा सेमीच्या आसपास वाढायला हवी. मोजून बघा, आणि जी खरी येईल तीच तक्त्यात लिहा. मुरमात पीठ जास्त असेल तर पोकळी कमी असते आणि पातळी जास्त चढते. तो फरक समजावता येणे हेच गुणांचे काम आहे.

फिल्टर कोरडा असेल तर पहिल्या वेळी वाळूच बरेच पाणी धरून ठेवते आणि हिशेब चुकल्यासारखा दिसतो. म्हणून पाहुणे येण्याआधी एक लिटर पाणी एकदा सोडून घ्या.

सर संपल्यावर बाटली रिकामी व्हायला हवी, नाहीतर पुढच्या सरीचा पहिला पाऊस सरळ टाकीत जाईल. सलाइनचा सेट त्यासाठीच आहे. साध्या सेटमधून सुमारे २० थेंबांचा एक मिली होतो. मिनिटाला ४० थेंब सोडले तर २५० मिलीला दोन तासांवर थोडा वेळ लागतो. पाऊस चालू असताना त्यातून जाते ते मिनिटाला फक्त दोन मिली. खऱ्या इमारतीतही याच तत्त्वावर अगदी बारीक निचरा सतत चालू ठेवतात, म्हणजे कोणी नळ उघडायला विसरले तरी अडत नाही. प्रदर्शनात दोन प्रयोगांच्या मध्ये मात्र चिमटा पूर्ण उघडा. थेंब थांबले तर टोकाला गाळ अडकला असे समजा. सेटची फुगीर कुपी दोनदा दाबली की मोकळा होतो.

काय बिघडते

बाटलीत पाणी उतरत नाही, गुडगुड आवाज येतो आणि वर तुंबते: आतली हवा बाहेर यायला वाट नाही. पाणी फार जोरात ओतता आहात किंवा पाइप बारीक आहे. लिटरला तीन-चार मिनिटे हा वेग म्हणूनच दिला आहे. अर्धा इंची नळीवर हे मॉडेल करू नका.

फिल्टर वरून वाहतो: वाळू फार बारीक राहिली आहे. ७०० मिलीला वीस मिनिटे लागत असतील तर ती काढून पुन्हा चाळा, ओतण्याचा वेग कमी करून हा दोष लपत नाही.

पाण्यात खाण्याचा रंग घालून ते "गाळून" दाखवू नका. वाळू तरंगणारी माती अडवते, विरघळलेला रंग नाही, आणि रंगीत पाणी रंगीतच बाहेर येते. त्याच कारणाने मुलीने स्पष्ट सांगावे की या फिल्टरने जंतू मरत नाहीत. हे पाणी बाग, धुणी, फ्लशसाठी. प्यायचे तर उकळून किंवा निर्जंतुक करून. "पाणी शुद्ध होते" असे चार्टवर लिहिले तर पहिला प्रश्न तिथेच येईल. "पाणी गाळले जाते" असे लिहा.

मॉडेलवरून इमारतीकडे

चार्टच्या शेवटी एक खरा हिशेब हवा. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस धरता येतो. पश्चिमेला घाटाकडे जाऊ तसा तो कित्येक पट वाढतो, म्हणून लोणावळ्याचा आकडा इथे चालत नाही. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. बाष्पीभवन, गळती आणि बाजूला काढलेले पाणी वजा जाता ८० टक्के हाती लागते असे धरू.

९३ × ७०० × ०.८ = ५२,०८० लिटर

म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. माणशी दिवसाला १३५ लिटर या शहरी मापाने चार जणांच्या घराला दिवसाला ५४० लिटर लागतात, त्या हिशेबाने हे सुमारे ९६ दिवसांचे पाणी. आणि पहिल्या पावसाची "बाटली" इथे किती मोठी? ९३ गुणिले २, म्हणजे १८६ लिटर: दोनशे लिटरचा एक ड्रम.

इथे परीक्षक विचारतील की मग बावन्न हजार लिटरची टाकी बांधायची का. उत्तर नाही. पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये थोडा थोडा येतो आणि वापरही रोज चालू असतो, त्यामुळे एवढी टाकी एका वेळी भरायची वेळच येत नाही, आणि सोसायटीच्या आवारात तितकी जागाही नसते. पाच-दहा हजार लिटरची टाकी ठेवून जादा पाणी गाळून बोअरला देतात. म्हणूनच मॉडेलमध्ये शेवटची बरणी आहे. तिथे एक अट मुलीने आठवणीने सांगावी: फिल्टरमधून गेलेलेच पाणी बोअरला द्यायचे. अंगणातले किंवा पार्किंगमधले, तेल आणि चिखल मिसळलेले पाणी बोअरमध्ये सोडले तर भेगा गाळाने बुजतात, आणि भूजल एकदा खराब झाले की ते उपसून धुता येत नाही.

शाळेत नेताना वाळूचा फिल्टर आणि बरणी वेगळ्या पिशवीत, उभ्या धरून न्या. रिक्षाच्या धक्क्यांनी थर मिसळले तर तिथे पुन्हा भरायला अर्धा तास जातो, म्हणून धुतलेली वाळू आणि जाळीची चकती जादा बरोबर ठेवा. सोबत दोन लिटर पाणी, एक बादली, जुने फडके आणि टेफ्लॉनची एक गुंडाळी असू द्या.